हॉलमध्ये पीएस५ बसवायचाय, घरात दोन लहान पोरं: वायरी, कप्पा, कंट्रोलर कसं जमवावं?

खानापूर_वहिनी

नमस्कार मंडळी. आमच्या दिरांनी पीएस५ स्लिम घेतलाय, डिस्कवाला. टीव्ही घरात एकच, त्यामुळं तो हॉलमध्येच बसणार हे ठरलेलं.

घर खानापूर तालुक्यातलं, जुनं. हॉल म्हणजे पूर्वीचा सोपा, दहा बाय तेरा फूट. मागची भिंत जांभ्या चिऱ्याची आहे, पाऊस त्याच बाजूनं मारतो आणि श्रावण संपेपर्यंत तिला ओल असते. डावीकडची भिंत नंतर घातलेली, विटांची, कोरडी. सध्या ४३ इंची टीव्ही मागच्या भिंतीजवळच्या सागवानी शोकेसवर नुसता ठेवलाय. शोकेसला वर काचेची दारं, खाली तीन ड्रॉवर. बटणांचा बोर्ड दाराशेजारी आणि तिथून एक्स्टेंशन बोर्ड ओढून शोकेसच्या मागं टाकलाय.

मुलगी चार वर्षांची. मुलगा सव्वा वर्षाचा, हाताला येईल ते धरून उभा राहतो. गेल्या आठवड्यात सेट-टॉप बॉक्सची वायर ओढून त्यानं बॉक्स खाली आणला. लागलं नाही, पण पीएस५ चांगला तीन किलोच्या वर आहे म्हणे.

कन्सोल कुठं ठेवू, वायरी कशा न्यायच्या, कंट्रोलर आणि डिस्क कुठं, एवढंच सांगा. नवीन फर्निचर करायची तयारी आहे, फार मोठं नको.

---

गेमर_निपाणी

वहिनी, सोपं आहे. शोकेसच्या काचेच्या कप्प्यात ठेवा आणि कुलूप लावा. मागच्या फळीला वायरीपुरतं भोक पाडा. पोरांचा हातच लागणार नाही. आडवाच ठेवा, उभा नको. आत लिक्विड मेटल असतं, उभा ठेवला की ते खाली उतरतं आणि चिप जळते. आणि कंट्रोलरसाठी तीन मीटरची केबल घ्या, सोफ्यावर बसून चार्ज करत खेळता येतं, मध्येच बॅटरी संपायची भानगड नाही.

---

पिक्सेल_टिळकवाडी

स्टोरेजचं टेन्शन घेऊ नका. स्लिममध्ये १ टीबी येतंच, भरलं तर आत एम.२ एसएसडीची जागा आहे. फक्त हीटसिंकवाला घ्या.

---

खानापूर_वहिनी

@पिक्सेल_टिळकवाडी दादा, मी डिस्क आणि कंट्रोलर ठेवायच्या कप्प्याबद्दल विचारत होते. पण हेही उपयोगी पडेल, दिरांना सांगते.

@गेमर_निपाणी काचेचा कप्पा मीही मनात धरला होता. कुलूपही आहे त्याला.

---

तारवाला_शहापूर

वहिनी, मी वायरिंगची कामं करतो. कुलूप लावायच्या आधी हे वाचा.

पीएस५ पुढून हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो. मोठा गेम चालू असताना दोनशे वॅटच्या आसपास वीज खातो आणि त्यातली जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. बंद कपाटात शंभराचे दोन जुने बल्ब लावून ठेवल्यासारखं होतं ते. मागं वायरीपुरतं भोक पाडलं तरी हवा तिथून निघत नाही, कारण आत यायला वाट नाही. तीच गरम हवा फिरून पुढं येते आणि मशीन तीच परत ओढतं. कंपनी चहूबाजूंनी निदान १० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा म्हणते, आणि खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत. आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या हॉलमध्ये नुसत्या खोलीचंच तेवढं होतं.

कप्पा चालतोय की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. तासभर गेम चालू ठेवा, मग हाताचा पालथा पंजा कन्सोलच्या पुढच्या फटीसमोर धरा. तिथली हवा खोलीइतकी गार लागली तर ठीक. कोमट लागली तर गरम हवा आतल्या आत फिरतेय. पंख्याचा आवाज वाढलेला असेल, आणि तरी चालवत राहिलं तर शेवटी पडद्यावर सूचना देऊन मशीन बंद पडतं.

आता उभं-आडवं. कंपनी दोन्ही चालतं म्हणते. लिक्विड मेटल उतरल्याच्या गोष्टी दुरुस्तीवाल्यांकडून येतात, त्यातले बरेचसे आधी उघडलेले किंवा पडलेले कन्सोल असतात. चांगल्या मशीनला उभं ठेवून काही होतं का, यावर अजून भांडणं चालू आहेत, मी त्यात पडत नाही. तुमच्याकडं आडवंच ठेवायचं कारण वेगळं आहे. उभा केला तर तो ३६ सेंटिमीटर उंच आणि तळ साडेनऊ सेंटिमीटरचा. स्लिमला उभं करायचा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो. पोरानं वायरीला हिसका दिला की तो आडवा होणारच.

आणि हिसका हीच खरी गोष्ट आहे. तुमचा मुलगा बॉक्सपर्यंत पोचला नव्हता, वायरीपर्यंत पोचला होता. म्हणून कन्सोल कुठं ठेवायचा यापेक्षा त्याच्या वायरी कुठून जातात हे आधी ठरवा. जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत एकही लोंबती वायर नको. तीन मीटरची चार्जिंग केबल तर मुळीच नको. तिचं एक टोक वर मशीनमध्ये, दुसरं सोफ्यावर, आणि मधून पोरं पळणार. कोणाच्या पायात आली की एकतर पोर पडतं, नाहीतर कन्सोल येतो, आणि दोन्ही वाचलं तर पोर्ट तुटतो.

---

गेमर_निपाणी

@तारवाला_शहापूर काका, केबलवर उपाय आहे. मॅग्नेटवाली केबल मिळते. छोटी टीप कंट्रोलरमध्ये बसवून ठेवायची, केबल चुंबकानं चिकटते. हिसका बसला की आपोआप सुटते. जुन्या एक्सबॉक्स ३६०च्या वायरवाल्या कंट्रोलरला असंच मधे सुटणारं जोड होतं.

---

बालरुग्ण_सिस्टर

मी बेळगावात मुलांच्या वॉर्डात काम करते. @गेमर_निपाणी भाऊ, ३६०चा जोड तारेच्या मधे होता आणि मोठा होता. तुम्ही सांगताय ती टीप तुरीच्या दाण्याएवढी असते आणि नखानं निघते. सव्वा वर्षाचं मूल ती थेट तोंडात घालणार. आणि ती चुंबकाची असते. एकाहून जास्त चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वळ्यांमधून एकमेकांना धरतात, मधला भाग मरतो आणि भोक पडतं. पोरं लहान असेपर्यंत ही वस्तू घरात आणू नका. कंट्रोलरच्या काड्यांवर चढवायच्या रबरी टोप्यांचंही तेच. सव्वा इंचाच्या भोकातून जी वस्तू जाते ती घशात अडकू शकते, असं धरून चाला.

वहिनी, तुम्ही विचारलं नाहीत तरी एक विचारते. टीव्हीच्या मागं रंगीत एलईडी पट्टी लावणार आहात का? गेम म्हटलं की हल्ली सगळे लावतात.

---

खानापूर_वहिनी

होय सिस्टर, दिरांनी कन्सोलबरोबरच आणलीय. पाकिटात आहे अजून.

---

बालरुग्ण_सिस्टर

तिच्याबरोबर पत्त्याएवढा पातळ रिमोट येतो बघा. त्यात चपटा गोल सेल असतो, नाण्यासारखा, सीआर २०२५ लिहिलेला. तो सेल एका ट्रेमध्ये असतो आणि ट्रे नुसता ओढला की बाहेर येतो. स्क्रू नाही, काही नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या मांडणीत सर्वांत घातक वस्तू ती आहे, कन्सोल नाही.

तो सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या जागेत त्यातून प्रवाह वाहतो आणि आतलं कातडं भाजायला लागतं. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. मूल रडेलच असं नाही. लाळ गळते, खायला नको म्हणतं, थोडं खोकतं, आणि आपण सर्दी समजतो. संशय आला तरी वाट न बघता, जिथं एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय आहे अशा दवाखान्यात न्यायचं. उलटी करवायची नाही. मूल एक वर्षाच्या वर असेल आणि गिळत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देतात, त्यानं भाजणं थोडं मंदावतं. पण मध शोधत बसून उशीर करायचा नाही.

पट्टी लावायचीच असेल तर तिच्या वायरीवरच बटण असतं, तेवढं वापरा. रिमोटमधला सेल आजच काढा, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि पोरांच्या हाती लागणार नाही असा टाकून द्या. कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये असला सेल नसतो, आत बसवलेली बॅटरी असते, त्याची काळजी नको.

---

खानापूर_वहिनी

सेल काढला, चिकटपट्टी लावली. सासूबाईंनी लगेच वजनकाट्याचा आणि पोराच्या गाण्याच्या खेळण्याचा सेलही तपासला. खेळण्याला स्क्रू आहे, काट्याला नाही. धन्यवाद सिस्टर.

---

अण्णा_येळ्ळूर

एवढ्या लहान मुलांना गेम कशाला दाखवायचे? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, वर्षाच्या मुलाला पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. आमच्या वेळी सोप्यात जोंधळ्याची पोती असायची आणि आम्ही त्यावर चढायचो.

बाकी आमच्या नातवानं व्हीसीडी प्लेअरमध्ये रुपयाची नाणी भरली होती. उघडला तेव्हा सात-आठ निघाली. तुमच्या पीएसलाही डिस्कची फट असेलच.

---

खानापूर_वहिनी

अण्णा, खेळणार दीर आणि त्यांचे मित्र, मुलं झोपल्यावर. मुलगी रविवारी थोडा वेळ काकाबरोबर बसेल, तेवढंच. नाण्यांचं मात्र खरंच लक्षात आलं नव्हतं.

---

पिक्सेल_टिळकवाडी

नाण्यांवरून सांगतो, स्लिमचा डिस्क ड्राइव्ह सुटा होतो. बाजूचं कव्हर काढून तो वेगळा करता येतो. परत लावताना एकदा इंटरनेट लागतं. पण कन्सोल उंचावर जाणार असेल तर एवढं करायची गरज नाही.

---

सुतारकाम_वडगाव

वहिनी, मी फर्निचरचा माणूस. तुमचं वर्णन वाचून मला कन्सोलपेक्षा टीव्हीची भीती वाटली. नुसता ठेवलेला टीव्ही आणि त्याखाली ड्रॉवर. पोर खालचा ड्रॉवर उघडतं, पायरी समजून त्यावर चढतं, वरचा धरतं. रिकाम्या शोकेसचा तोल तेवढ्यावर पुढं जातो आणि टीव्ही पोराच्या अंगावर येतो. गेम आला की टीव्हीजवळ जायचं निमित्त आणखी वाढणार. म्हणून टीव्ही भिंतीला घ्या, आणि शोकेस तिथंच राहणार असेल तर तोही वरच्या बाजूनं भिंतीला लोखंडी एल-पट्टीनं बांधा. टीव्ही नुसता शोकेसला पट्ट्यानं बांधून उपयोग नाही, शोकेस आला की दोन्ही येतात.

आता भिंत. चिऱ्यात प्लॅस्टिकची गिट्टी धरत नाही. जांभा सच्छिद्र असतो, हॅमरवर ड्रिल मारलं की भोक लंबगोल होतं आणि गिट्टी आत फिरते. स्क्रू आवळताना शेवटपर्यंत घट्ट न होता गरगर फिरायला लागला तर समजायचं, तिथं काही धरलेलं नाही. जुन्या घरात सांध्यात मातीच असते, भोक सांध्यावर पडलं तर लाल भुगा वाळूसारखा गळतो. आम्ही चिऱ्यात करायचं असेल तर १८ मिलिमीटर प्लायची दोन बाय तीन फुटांची पाटी घेतो, ती आठ-दहा ठिकाणी चार इंची फास्टनरनं भिंतीला लावतो, भोकं चिऱ्याच्या मधोमध, सांध्यापासून लांब, आणि टीव्हीचा ब्रॅकेट त्या पाटीला. जिथं फारच पोकळ लागतं तिथं जाळीची नळी घालून केमिकल भरतो.

पण तुमच्याकडं विटांची कोरडी भिंत आहे. मग चिऱ्याच्या नादी लागायचंच कशाला? डावीकडं घ्या. विटेत आठ मिलिमीटरची गिट्टी आणि अडीच इंची स्क्रू मस्त धरतो, फक्त प्लास्टरची जाडी धरून लांबी घ्या. ब्रॅकेट भिंतीला चिकटून बसणारा सपाट घ्या. पुढं येणारा, हातासारखा फिरणारा ब्रॅकेट नको. तो बाहेर ओढलेला असताना पोर लोंबकळलं तर वरचे दोन स्क्रू उपटून येतात.

---

तारवाला_शहापूर

सुताराचं म्हणणं शंभर टक्के. आणि ओल धरणाऱ्या भिंतीवर मीही पॉइंट काढत नाही. डावी भिंत ठरली तर पुढचं सोपं होतं.

कन्सोलची फळी टीव्हीच्या शेजारी नको, वर घ्या. शेजारी घेतली की वायरी बाजूनं दिसतात आणि हाताला येतात. वर घेतली की त्या टीव्हीच्या पाठीमागं सरळ खाली उतरतात. बरोबर आलेली एचडीएमआय केबल दीड मीटरची असते, तेवढी पुरते, लांब विकत घ्यायची गरज नाही.

उंची अशी काढा. मुलीला भिंतीला पाठ लावून उभी करा, हात वर करायला सांगा आणि बोटांच्या टोकाला पेन्सिलनं खूण करा. त्यात दीड फूट मिळवा, कारण खुर्ची ओढून आणायची अक्कल चार वर्षांच्या पोरात असते. फळी त्याच्या वर हवी.

---

खानापूर_वहिनी

खूण केली. चार फुटांला जरा कमी भरली. दीड फूट मिळवून साडेपाच. म्हणजे फळी साडेपाचच्या वर. टीव्हीचा खालचा काठ तीन फुटांवर धरला तर टीव्ही साधारण बावीस इंच उंच आहे, वरचा काठ चार फूट दहा इंचांवर येतो. फळी पावणेसहा फुटांवर घेतली तर मधे अकरा इंच राहतात. चालेल का? फळी किती मोठी घ्यायची?

---

तारवाला_शहापूर

झकास जमतंय. अकरा इंच भरपूर झाले, टीव्हीची ऊबही फळीला लागणार नाही.

फळीचं माप असं. आडवा ठेवलेला स्लिम ३६ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर खोल आहे. दोन्ही बाजूंना दहा-दहा धरले तर रुंदी ५६ होते. शेजारी कंट्रोलर ठेवायचे म्हणून पाऊण मीटर घ्या, अडीच फूट. खोली बावीस अधिक मागचे दहा म्हणजे ३२, म्हणून चौदा इंचांची फळी घ्या, ती ३५ भरते. मागं सुतार हौसेनं फळी लावतील, लावू देऊ नका. पुढं अर्ध्या इंचाची पट्टी मात्र असू दे, मशीन सरकून टीव्हीवर यायला नको. त्याहून उंच पट्टी नको, हवा पुढूनच आत जाते.

पॉइंट दोन काढा, एक टीव्हीच्या पाठीमागं आणि एक फळीच्या वर. दोन्हींची बटणं दाराशेजारच्या बोर्डात घ्या. तारा केसिंगपट्टीतून आणा. कन्सोल आणि टीव्ही मिळून दीड-दोन अँपिअर होतात, साधा सहा अँपिअरचा पॉइंट पुरे. एक्स्टेंशन बोर्ड हॉलमधून कायमचा उचला. उरलेल्या केबलची घट्ट वेटोळी करून मशीनच्या मागं कोंबू नका, हवेच्या वाटेत येतात. सैल घडी घालून कापडी वेल्क्रो लावा आणि फळीच्या खालच्या बाजूला हुकात अडकवा.

वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. म्हणून पॉइंट फळीच्या वर सांगितला, हात घालायला सोपा. राऊटरची लॅन केबल जोडली असेल तर तीही काढा.

---

सुतारकाम_वडगाव

चौदा इंच खोल फळीला साधे एल-ब्रॅकेट वाकतात. बारा इंची जाड ब्रॅकेट तीन घ्या. आणि फळीखाली सोफा येऊ देऊ नका, नाहीतर वहिनींनी काढलेलं दीड फुटाचं गणित फुकट जातं. सोफ्याच्या पाठीवर चढलेलं पोर तुमच्यापेक्षा उंच होतं.

---

खानापूर_वहिनी

सोफा समोरच्या भिंतीला जाईल. आता कंट्रोलरचं सांगा. दोन आहेत. मुलाला बटणं दाबायला फार आवडतं, आणि परवा दीर घरी नसताना टीव्ही आपोआप चालू झाला. सासूबाई घाबरल्या.

---

पिक्सेल_टिळकवाडी

भूत नाही वहिनी. कंट्रोलरच्या मधलं पीएस बटण दाबलं की कन्सोल जागा होतो आणि एचडीएमआयमधून टीव्हीलाही उठवतो. मुलानं बटण दाबलं असणार. हे इथं बंद होतं:

`Settings > System > HDMI > Enable One-Touch Play`

त्यानं टीव्ही उठणार नाही, कन्सोल मात्र उठेलच. त्यामुळं खरा उपाय कंट्रोलर वर ठेवणं हाच. आणि विसरून खाली राहिला तर आपोआप बंद व्हावा म्हणून:

`Settings > System > Power Saving > Set Time Until Controllers Turn Off`

तिथं दहा मिनिटं ठेवा.

चार्जिंगही फळीवरच होऊ दे. एक फुटाच्या दोन आखूड केबल घ्या, कन्सोलच्या मागच्या पोर्टमध्ये कायम लावून ठेवा. खेळून झालं की कंट्रोलर वर, केबल आत, आणि कन्सोल रेस्ट मोडवर. पूर्ण चार्ज व्हायला तीनेक तास लागतात, म्हणून:

`Settings > System > Power Saving > Features Available in Rest Mode > Supply Power to USB Ports`

इथं `3 Hours` निवडा. कंट्रोलर कधीच खाली चार्जिंगला लागणार नाही, म्हणजे लोंबती केबलच उरली नाही.

---

गेमर_निपाणी

हे पटलं. पण रात्री खेळताना मध्येच बॅटरी संपली तर?

---

पिक्सेल_टिळकवाडी

म्हणून दोन कंट्रोलर. एक खेळात, एक वर चार्जिंगला. एकटा खेळणाऱ्याला पुरतं. दोघं खेळत असतील तर आधी दोन्ही भरलेले हवेत, नाहीतर थांबायचं.

---

अण्णा_येळ्ळूर

रेस्ट मोड म्हणजे चालूच ना? आपल्याकडं पावसात लाईट जाते तेव्हा काय?

---

तारवाला_शहापूर

अण्णांचा प्रश्न बरोबर आहे. रेस्टमध्ये नारिंगी दिवा असतो, तेव्हा मशीन अर्धं जागं असतं. तेवढ्यात लाईट गेली तर पुढच्या वेळी चालू होताना तक्रारीचा संदेश देऊन तपासणी करतं. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, पण गेम उतरवत असताना किंवा सेव्ह होत असताना गेली तर तेवढं खराब होऊ शकतं. म्हणून माझं मत, जून ते सप्टेंबर खानापूर भागात रेस्ट मोड वापरूच नका. रात्री पूर्ण बंद करा आणि कंट्रोलर फळीवरच मोबाईलच्या चार्जरवर लावा, केबल तीच आखूड.

---

पिक्सेल_टिळकवाडी

काका, इन्व्हर्टरवर टाकला की झालं. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलं की बदल इतका झटकन होतो की मशीनला कळत नाही.

---

तारवाला_शहापूर

कधी कळत नाही, कधी कळतं. साइन वेव्हचा इन्व्हर्टर आणि बॅटरी नवी असेल तर टिकतो. स्क्वेअर वेव्हवर मी गेम चालवू देणार नाही, आत पुरवठा गरम होतो आणि कुरकुर आवाज येतो. आणि बॅटरी जुनी असली की वर दोनशे वॅट पडल्यावर घरातले दिवेही लवकर जातात. लहान मुलांच्या घरात रात्री दिवा आणि पंखा आधी. मी कन्सोल इन्व्हर्टरवर घेणार नाही.

---

पिक्सेल_टिळकवाडी

माझ्याकडं साइन वेव्ह इन्व्हर्टरवर व्यवस्थित चाललाय. तेव्हा इथं आपलं जमत नाही, वहिनींनी घरचा इन्व्हर्टर बघून ठरवावं.

---

अण्णा_येळ्ळूर

एक राहिलं. गणपती कुठं बसतो तुमचा?

---

खानापूर_वहिनी

अण्णा, बरं झालं विचारलंत! मखर दरवर्षी डावीकडच्याच कोपऱ्यात असतं, त्या विटांच्या भिंतीला लागून. टीव्ही तिथं गेला तर मखर कुठं? सासूबाई जागा बदलायला तयार होणार नाहीत.

---

सुतारकाम_वडगाव

भिंत तेरा फुटांची असेल तर दोन्ही मावतात. कोपऱ्यातून मखराला चार फूट सोडा, मग एक फूट रिकामा, मग टीव्ही. टीव्ही तीन फूट दोन इंच रुंद, फळी त्याच्या आतच बसते. सव्वाआठ फुटांत सगळं झालं.

---

तारवाला_शहापूर

मखराच्या माळांना फळीवरचा पॉइंट देऊ नका. त्या दिवसांत घरात पाहुण्यांची पोरंही असतात आणि माळ लोंबतेच. कोपऱ्यात मखरासाठी वेगळा पॉइंट आत्ताच काढून घ्या, केसिंगपट्टी त्याच भिंतीवरून जातेय, खर्च नावापुरता वाढेल. पॉइंट खाली असेल तर आत झडप असलेला सॉकेट लावा, म्हणजे एका भोकात खिळा घातला तर जात नाही.

---

खानापूर_वहिनी

मग असं ठरतंय. टीव्ही विटांच्या भिंतीला सपाट ब्रॅकेटवर, वर पावणेसहा फुटांवर अडीच फुटांची फळी, तिच्यावर कन्सोल आडवा आणि दोन्ही कंट्रोलर. शोकेस चिऱ्याच्या भिंतीशीच राहील. डिस्क काचेच्या कप्प्यात कुलपात, कारण डिस्कला हवा लागत नाही. ड्रॉवरमध्ये जड भांडी भरते म्हणजे तोल जाणार नाही.

---

सुतारकाम_वडगाव

वहिनी, भांडी सगळ्यांत खालच्या ड्रॉवरमध्येच आणि तो बंद राहिला तरच उपयोग. पोरानं तोच ड्रॉवर ओढला तर सगळं वजन पुढं येतं आणि शोकेस आणखी लवकर पडतो. भरायचंच असेल तर ड्रॉवरला पोरांचं लॉक लावा. आणि एल-पट्टी हवीच. तिथली भिंत चिऱ्याची आहे, म्हणून शोकेसच्या मागं वरच्या बाजूला तीन फुटांची लाकडी पट्टी चार-पाच ठिकाणी चिऱ्यात बसवा आणि शोकेस त्या पट्टीला स्क्रू करा. एका भोकानं दगा दिला तरी बाकीची धरतात. ओल असेल तर पट्टीला आधी प्रायमर मारून घ्या, आणि भोकं पाऊस ओसरल्यावर मारा, ओल्या चिऱ्यात भुगा चिकटून राहतो आणि फास्टनर नीट बसत नाही.

---

खानापूर_वहिनी

म्हणजे टीव्हीचं काम या आठवड्यात आणि शोकेसचं पावसानंतर. तोपर्यंत शोकेसचे ड्रॉवर रिकामे करून लॉक लावते आणि टीव्ही त्यावरून उतरलेलाच असेल. इन्व्हर्टरच्या मागं बघितलं, यूपीएस मोडचं बटण आहे, पण साइन वेव्ह की स्क्वेअर ते लेबल पुसलं गेलंय. कसं ओळखायचं?

---

तारवाला_शहापूर

लाईट गेलेली असताना छताचा पंखा कान देऊन ऐका. गुणगुण जास्त येत असेल तर बहुधा स्क्वेअर. खात्री करायची असेल तर मॉडेल नंबर टाका इथं.